रेपो अर्धा टक्का उतरला, वहिनींचा हप्ता मात्र तोच: फोंड्यातल्या एका सोसायटीतलं प्रकरण

शुक्रवार, ६ जून २०२५. सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी पतधोरण जाहीर केलं आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो, ६.०० टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीत पाव टक्का, ९ एप्रिलला पाव टक्का आणि आता एकदम अर्धा, म्हणजे चार महिन्यांत पूर्ण एक टक्का. त्याच दिवशी दुपारी मी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक पानभर टिपण लावलं. बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर फोंड्यात स्थायिक झालो, तेव्हापासून दर पतधोरणानंतर असं टिपण लावतो, कारण सोसायटीतल्या बहुतेक घरांवर गृहकर्ज आहे आणि त्यातली जवळपास सगळी बदलत्या व्याजदराची आहेत.

त्या दिवशीचं टिपण चुकलं. आकडे बरोबर होते, पण वाचणाऱ्यांनी त्यातून जो अर्थ घेतला तो त्यांच्या कर्जाला लागू नव्हता. चूक नेमकी कुठे झाली आणि पुढे काय केलं, ते एका घराच्या हिशोबातून इथे मांडतो.

पहिल्या टिपणात मी रेपो दर दिला होता. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा, चार टप्प्यांत एक टक्क्याने खाली येणार हे लिहिलं होतं. पतधोरण समितीतल्या सहापैकी पाच जणांनी अर्ध्या टक्क्याच्या कपातीला मत दिलं, महागाईचा वर्षभराचा अंदाज ३.७ टक्के आणि विकासदराचा ६.५ टक्के, हेही होतं. शेवटी ठळक अक्षरात एक उदाहरण: तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, दर साडेआठवरून आठ टक्के झाला तर हप्ता २६,०३५ रुपयांवरून २५,०९३ रुपये, म्हणजे महिन्याला ९४२ रुपयांची बचत.

लोकांनी फक्त ही शेवटची ओळ वाचली. वर्तमानपत्रांतही त्या दिवशी अशाच चौकटी होत्या. हे उदाहरण आज नवं कर्ज घेणाऱ्याचं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी ते मी जुन्या कर्जदारांपुढे ठेवलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शिवणकाम करतात, त्यांचे यजमान मडकईच्या कारखान्यात आहेत. त्यांचं कर्ज बरोबर तीस लाखांचं आणि वीस वर्षांचं, त्यामुळे माझं उदाहरण त्यांना आपलंच वाटलं. जुलैचा हप्ता पूर्वीइतकाच गेला तेव्हा त्यांनी धरलं की अजून लागू झालं नसेल. ऑगस्टलाही पंचवीस हजारच गेले. गणपतीची चवथ २७ ऑगस्टला होती, माटोळीच्या सामानाचा, फटाक्यांचा, पाहुण्यांचा खर्च समोर होता आणि त्या नऊशे-नऊशेचा हिशोब त्यांनी धरून ठेवला होता. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिहिलेले नऊशे रुपये गेले कुठे? बँकेने आम्हाला दिलेच नाहीत वाटतं."

मी म्हटलं, "वहिनी, कर्जखात्याचा उतारा आहे का? हप्ता ज्या बचत खात्यातून जातो तो नको, कर्जाचा हवा."

तो त्यांच्याकडे नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने दर तिमाहीला कर्जदाराला एक विवरण उपलब्ध करून द्यायचं असतं. त्यात आजवर फिटलेलं मुद्दल आणि व्याज, चालू हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर एवढं असतं. वहिनींना असं विवरण कधी मिळालं नव्हतं, किंवा बँकेच्या अॅपमध्ये कुठेतरी पडून होतं आणि कोणी दाखवलं नव्हतं. यजमानांच्या फोनवर शोधाशोध करून आम्ही कर्जाचा उतारा काढला. तो वाचायला आमची अख्खी संध्याकाळ गेली.

उताऱ्यात जून आणि जुलै या दोन महिन्यांच्या ओळी लागोपाठ होत्या. जूनमध्ये व्याज लागलं २२,०४४ रुपये, म्हणजे पंचवीस हजारांच्या हप्त्यातले २,९५६ रुपये मुद्दलात गेले. जुलैमध्ये व्याज २०,२१६ रुपये आणि मुद्दलात ४,७८४ रुपये. (दिवसांच्या हिशोबाने बँकेचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, इथे मी महिन्याच्या हिशोबाने सरळ केला आहे.) म्हणजे बँकेने फायदा दिला होता, आणि मी लिहिलेल्या नऊशेच्या जवळपास दुप्पट. पण तो हप्त्यात दिसत नव्हता, कारण हप्ता तोच ठेवून वाचलेले सगळे पैसे मुद्दलाकडे वळवले होते.

व्याजदराच्या रकान्यात आणखी एक गोष्ट दिसली. जूनमध्ये दर ९.१५ होता आणि जुलैत ८.४०. रिझर्व्ह बँकेने अर्धा टक्का कमी केला होता, इथे पाऊण टक्का कमी झाला होता. वहिनींना ती चूक वाटली, आणि बँक नंतर वसूल करील की काय अशी भीतीही. पण चूक नव्हती. त्यांचं कर्ज रेपोशी जोडलेलं आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची सगळी नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, आणि दर तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने लावावा लागतो. या बँकेत ते दिवस म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. एप्रिलची कपात ९ तारखेला झाली, म्हणजे १ एप्रिल हुकल्यावर आठ दिवसांनी. ती पुढचे पावणेतीन महिने थांबली आणि जूनच्या कपातीसोबत १ जुलैला एकत्र लागू झाली.

माझ्या पहिल्या टिपणात नसलेली ही मोठी गोष्ट. घोषणेची तारीख आणि घरात दर बदलण्याची तारीख वेगळ्या असतात, आणि मधल्या काळात जमलेल्या सगळ्या घोषणा एकाच दिवशी लागू होतात. हे उलट दिशेनेही होतं. दर वाढू लागले की तीन महिन्यांत दोन वाढी झाल्या तर दोन्ही एकदमच अंगावर येतात.

मग मी उताऱ्यातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा वाचून दाखवला: २३७. वहिनी म्हणाल्या, "असं कसं होईल? वीस वर्षांचं कर्ज, साडेतीन वर्षं भरलं. दोनशेच्या आत यायला हवेत." त्यांचं बरोबर होतं. पहिला हप्ता जानेवारी २०२२ चा, शेवटचा डिसेंबर २०४१ चा, म्हणजे २४० हप्ते. जून २०२५ पर्यंत ४२ भरून झाले. उरायला हवेत १९८.

हे कसं झालं ते कळायला २०२२ सालात मागे जावं लागतं. कर्ज घेतलं तेव्हा रेपो ४.०० टक्के होता, त्यावर बँक स्वतःचा म्हणून जोडते तो २.९० टक्क्यांचा स्प्रेड, म्हणून दर ६.९० आणि हप्ता २३,०७९ रुपये. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर गेला. वहिनींचा दर ९.४० झाला. या सगळ्या काळात बँकेने हप्ता हलवला नाही, मुदत वाढवत नेली. सुरुवातीला हे घराला सोयीचं वाटतं, खात्यातून जाणारी रक्कम तीच राहते. पण एप्रिल २०२३ मध्ये बाकी मुद्दल होतं २९,४६,९१५ रुपये आणि त्यावर ९.४० टक्क्यांनी महिन्याचं व्याजच होत होतं २३,०८४ रुपये. हप्ता २३,०७९. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही पाच रुपये कमी पडणार होते आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढणार होतं.

मुदत कितीही वाढवली तरी असं कर्ज फिटत नाही. म्हणून बँकेने हप्ता पंचवीस हजार केला आणि तसा संदेश पाठवला, तो वहिनींना आठवत होता. "तेव्हा आम्ही शाखेत गेलो होतो. त्यांनी सांगितलं रिझर्व्ह बँकेने दर वाढवला, आम्ही काय करणार." पण पंचवीस हजारांच्या हप्त्यालाही तिथून पुढे ३२९ महिने लागणार होते, म्हणजे कर्ज ऑगस्ट २०५० पर्यंत गेलं होतं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं हप्ता वाढला म्हणजे विषय संपला. त्यांच्या यजमानांची निवृत्ती त्याच्या कितीतरी आधी आहे. हे ऐकल्यावर दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक अशाच घरांसाठी आलं. दर नव्याने लावताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यायची, कधीही काही रक्कम किंवा पूर्ण कर्ज आगाऊ फेडण्याची मुभा द्यायची, आणि मुदत वाढवल्यामुळे हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. जुन्या कर्जांनाही हे २०२३ अखेरपर्यंत लागू करायचं होतं. वहिनींची मुदत त्याआधीच लांबून बसली होती. नियम आला म्हणून ती आपोआप मागे आली नाही, कारण निवड सांगायला बँकेकडे कोणीतरी जावं लागतं.

या पार्श्वभूमीवर जूनच्या घोषणेचा त्यांच्यासाठी अर्थ काय, ते मी आकड्यांत मांडलं. १ जुलैला बाकी मुद्दल होतं २८,८८,००० रुपये. जुन्या ९.१५ दराने आणि पंचवीस हजारांच्या हप्त्याने २८० महिने लागले असते, म्हणजे ऑक्टोबर २०४८. नव्या ८.४० दराने तोच हप्ता ठेवला की २३७ महिने, म्हणजे मार्च २०४५. हप्त्यात एक पैसाही फरक न पडता त्रेचाळीस हप्ते गळले. साडेदहा लाखांहून जास्त रक्कम त्यांना भरावी लागणार नाही.

वहिनी तरी म्हणाल्या, "पण भाऊ, हप्ता कमी करून मिळत असेल तर चवथीला बरं पडेल." ही मागणी चुकीची नाही. घर त्यांचं, महिना त्यांनाच भागवायचा. मी तोही हिशोब काढला. मुदत २८० वर ठेवून हप्ता कमी करायचा तर तो २३,५५७ होतो, महिन्याला १,४४३ रुपये हातात. पण मग एकूण भरणा ६५ लाख ९६ हजारांच्या आसपास जातो. पंचवीस हजार चालू ठेवले तर तो ५९ लाख २७ हजारांच्या आसपास राहतो. महिन्याच्या १,४४३ रुपयांच्या मोकळेपणासाठी शेवटी जवळपास पावणेसात लाख जास्त. ज्या घरात महिनाच भागत नसेल, हप्ता चुकण्याची वेळ आली असेल, तिथे मी हप्ता कमी करून घ्या असंच सांगेन. वहिनींकडे तशी वेळ नव्हती.

तिसरा हिशोब यजमानांनी विचारला. मूळ तारखेवर, डिसेंबर २०४१ वर, परत यायचं असेल तर? त्याला हप्ता लागतो २७,००० रुपये. वरचे दोन हजार भरले की २०२२ पासून लांबलेली सगळी मुदत भरून निघते. हे ऐकून ते चकित झाले, मलाही आकडा मांडून होईपर्यंत इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. दर ९.४० होता तेव्हा हे शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी जूनच्या कपातीचं खरं मोल इथे होतं. हप्ता हलका झाला नाही, पण लांबलेलं कर्ज परत आवाक्यात आलं.

दोन हजार जड जातील म्हणून त्यांनी मधला मार्ग घेतला. हप्ता २६,००० केला तर १ जुलैपासूनच्या हिशोबाने २१६ हप्ते होतात, बरोबर अठरा वर्षं. चवथीच्या आधी आम्ही तिघं शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधी सांगितलं की हप्ता बदलता येत नाही, तो सिस्टीम ठरवते. मी २०२३ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जात तीन वाक्यं होती: १ जुलैच्या दरबदलानंतर हप्ता २६,००० ठेवून मुदत त्याप्रमाणे कमी करावी, बदललेल्या मुदतीचं वेळापत्रक द्यावं, आणि तिमाही विवरण नियमित मिळावं. सप्टेंबरपासून बदल झाला. झाला नसता तर पोच मिळाल्यापासून तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता आली असती. ती वेळ आली नाही.

वहिनींचं उरकल्यावर मी बाकीच्या घरांना विचारत फिरलो, आणि माझं टिपण आणखी दोन ठिकाणी चुकलेलं निघालं.

तळमजल्यावरचे मास्तर. त्यांचं कर्ज २०१७ चं, म्हणजे रेपोच्या नियमाआधीचं. ते बँकेच्या स्वतःच्या मूळ दराशी, एक वर्षाच्या एमसीएलआरशी, जोडलेलं आहे आणि दर वर्षातून एकदाच, नोव्हेंबरमध्ये बदलतो. एमसीएलआर बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते, त्यात ठेवींवर द्यावं लागणारं व्याज मोठा वाटा असतो. रेपो उतरला की तो उतरतो, पण मागाहून आणि सहसा कमी. मास्तरांना जूनमध्ये काहीच मिळणार नव्हतं, आणि नोव्हेंबरमध्ये किती मिळेल ते त्यांच्या बँकेचा त्या वेळचा एमसीएलआर पाहूनच कळणार होतं. गंमत अशी की मी पहिल्या टिपणात उगाच घातलेलं रोख राखीव प्रमाण थोडंफार त्यांच्याच उपयोगाचं होतं. बँकेला रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवाव्या लागणाऱ्या रकमेचा भार एमसीएलआरमध्ये मोजला जातो, तो भार हलका होणार होता. मास्तरांना मी रेपोशी जोडलेल्या कर्जात बदलून घेण्याची चौकशी करायला सांगितलं. आगाऊ फेडीवर शुल्क नसलेल्या कर्जदाराला असा बदल बँक फक्त वाजवी कागदपत्रांच्या खर्चावर देते. सही करण्याआधी नवा स्प्रेड किती ते मात्र विचारायलाच हवं, कारण जुना दर आणि नवा दर यांची तुलना त्यावर ठरते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं कर्ज गृहवित्त कंपनीचं. तिथे रेपोशी जोडण्याची सक्ती नाही. कंपनी आपला मूळ दर स्वतः ठरवते, आणि तो खाली आणला तरच त्याला फायदा. आपल्याकडे गोव्यात सहकारी बँकांची गृहकर्जंही पुष्कळ घरांत आहेत, त्यांनाही रेपोशी जोडण्याचा तो नियम लागू नाही, दर त्यांचं संचालक मंडळ ठरवतं. या दोघांनी रेपोची बातमी वाचून आपल्या हप्त्याचा अंदाज बांधू नये. पण निवड देण्याचं आणि तिमाही विवरणाचं २०२३ चं परिपत्रक त्यांनाही लागू आहे, ते मागून घ्यावं.

दरम्यान ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने पुढचं पतधोरण जाहीर केलं आणि रेपो ५.५० वरच ठेवला. काही बदल नाही म्हणून मी टिपण लावणारच नव्हतो. पण वहिनींच्या उताऱ्यानंतर कळलं की बदल नसलेल्या घोषणेतही घरांना सांगण्यासारखं असतं. २० ऑगस्टला जुनं पान काढून हे लावलं:

"रेपो दर आज ५.५० टक्के आहे. फेब्रुवारीपासून तो एक टक्का उतरला, ऑगस्टमध्ये बदललेला नाही.

तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ नंतरचं आणि बँकेचं असेल तर ते बहुधा रेपोशी जोडलेलं आहे. दर तीन महिन्यांनी बदलतो, तारीख तुमच्या करारात आहे. जूनची कपात तुम्हाला सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळालेली असायला हवी. आधीचं कर्ज असेल तर बदल वर्षातून एकदा, तुमच्या ठरलेल्या महिन्यात, आणि कपातीइतका असेलच असं नाही. गृहवित्त कंपनी किंवा सहकारी बँक असेल तर त्यांना लेखी विचारा.

हप्ता तोच राहिला म्हणून फायदा मिळाला नाही असं समजू नका. कर्जाच्या उताऱ्यात दोन आकडे पाहा, व्याजदर आणि उरलेले हप्ते. व्याजदर उतरला आणि उरलेले हप्तेही कमी झाले तर फायदा मुदतीत गेला आहे. दोन्ही तसेच असतील तर बँकेत विचारा.

उरलेले हप्ते करारापेक्षा जास्त असतील तर २०२२-२३ मध्ये तुमची मुदत वाढलेली आहे. हप्ता कमी करून मागण्याआधी मला उतारा दाखवा."

त्यात विकासदर नाही, महागाईचा अंदाज नाही, कोणी कसं मत दिलं ते नाही. ती माहिती निरुपयोगी म्हणून मी काढलेली नाही. एक बाब तर ठेवावी की नाही यावर मी बराच विचार केला. जूनमध्ये अर्धा टक्का उतरवतानाच रिझर्व्ह बँकेने पुढच्या दरांबाबतचा आपला पवित्रा 'अनुकूल'वरून 'तटस्थ' केला, आणि यापुढे कपातीला वाव फार थोडा उरला आहे असं गव्हर्नरांनी सांगितलं. ज्या घराला वाटत होतं की दर असाच उतरत राहील आणि पुढच्या खेपेला हप्ता कमी करून घेऊ, त्याच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. पण तटस्थ म्हणजे दर वाढणार असा अर्थ लोक काढतात आणि घाबरून घाईने बँक बदलतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे. म्हणून ते मी कागदावर न घालता विचारायला येणाऱ्यांना समोरासमोर सांगितलं: पुढची कपात होईल असं धरून आजचा हिशोब करू नका, इतकाच त्याचा अर्थ. ऑक्टोबरमध्येही दर हलला नाही.

उदाहरणाचा हप्ता मी आता टिपणात अजिबात देत नाही. बाकी मुद्दल, दर आणि उरलेले हप्ते हे तीन आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतात आणि तेच बचत ठरवतात. तेवढंच कर्ज, तेवढीच मूळ मुदत असूनही वहिनींच्या घरात माझं उदाहरण पार निराळं ठरलं.

५ डिसेंबरला रेपो ५.२५ झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी मला खाली गाठलं. अॅपमधलं विवरण त्यांनी स्वतः काढलं होतं. दर ८.१५, हप्ता २६,०००, उरलेले हप्ते २०३. डिसेंबरअखेर २१० उरायला हवे होते, सात गळले, हे त्यांनीच मोजलं होतं. घरातल्या कालदर्शिकेवर त्यांनी पेन्सिलीने नोव्हेंबर २०४२ लिहून ठेवलं आहे. मूळ तारखेला अजून अकरा महिने कमी पडतात. यजमानांच्या बोनसमधून काही रक्कम एकदम मुद्दलात भरली तर किती हप्ते कमी होतील, हे आता आम्ही रविवारी बसून काढणार आहोत. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जात आगाऊ रक्कम भरायला बँक शुल्क घेऊ शकत नाही, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.